वांग्याची शेंडा-फळ पोखरणारी अळी: फवारणी कधी करायची याच्या गणितातल्या चुका टाळा

कृष्णाकाठच्या वांग्याला पलूस-वाळव्याकडे दर आठवड्याला पंप लागतो. चार शेंडे सुकलेले दिसले की फवारणी झालीच म्हणून समजा. त्या फवारणीने वाचणारा माल तिच्या खर्चाइतका तरी आहे का, हे मात्र मोजायचं राहून जातं.

नुकसान आणि फवारणीचा खर्च जिथे सारखे होतात, ती आर्थिक नुकसान पातळी. तिथवर जाण्याआधी जिथे हात हलवायचा, ती संकेत पातळी. दोन्हींना एकच समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अंड्यातून निघालेली अळी काही तासांत शेंड्यात किंवा फळात शिरते, मग औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

एक एकराचा हिशोब मांडू. औषध 900 आणि मजुरी 600, एकूण खर्च 1500 रुपये. बाजारात दर 20 रुपये, पण तोडणी, क्रेट, भाडं जाऊन हातात 15 उरतात. हिशोबात 15 च धरायचे. 20 धरले की पातळी खोटी खाली येते आणि फवारण्या वाढतात. फवारणीचा फायदा पुढच्या तीन तोड्यांना, म्हणजे समजा 1250 किलोंना होणार. त्यातलं 1 टक्का फळ किडलं तर 12.5 किलो, म्हणजे 187.50 रुपये गेले. 1500 ला 187.50 ने भागलं की 8 टक्के येतात. औषध 80 टक्केच नुकसान थांबवतं असं धरलं, तर 8 भागिले 0.8, म्हणजे 10 टक्के. ही झाली नुकसान पातळी. औषध आणून, मजूर मिळून फवारणी होईपर्यंत तीन-चार दिवस जातात, म्हणून मी संकेत 6-7 टक्क्यांवर धरतो. हातात साडेसात रुपयेच पडू लागले की नुकसान पातळी 20 टक्क्यांवर जाते. म्हणून पत्रकातला एकच आकडा हंगामभर चालवू नका. किडका माल गाळात थोड्या पैशाने विकला जात असेल, तर पातळी आणखी वर सरकते.

मोजणीही बांधाकडेच्या झाडांवर करू नका. शेतात पाच ठिकाणी थांबून प्रत्येकी 20 फळं बघा. विष्ठेने बुजलेलं छिद्र असेल तर अळी बहुधा आत आहे. मोकळं, गोल छिद्र दिसलं तर ती कोषात जायला बाहेर पडली. फळ गेलंच, पण ते आजच्या हल्ल्याचं माप नाही. फळं धरण्याआधी सुकलेले शेंडे मोजा आणि मोजून झाले की अळीसकट खुडून नष्ट करा. जुने शेंडे झाडावरच राहिले तर पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा मोजले जातात आणि कीड वाढल्याचा भास होतो. किडकी फळंही बांधावर टाकू नका, त्यातली अळी तिथेच कोष करून पतंग होऊन परत येते.