सोलापुरातून जीमॅटचा स्लॉट बुक करताय? या चुका टाळा

जीमॅट द्यायला सोलापूरची मुलं बहुतेक पुण्याला जातात. अभ्यासाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं, पण स्लॉट बुक करताना जो तो घाईत असतो. आणि तारीख पुढे ढकलायला किती पैसे पडतात हे ढकलायची वेळ आल्यावरच बघतो.

केंद्रावर द्यायच्या परीक्षेची फी 275 डॉलर. तारीख बदलायची तर परीक्षेला 60 पेक्षा जास्त दिवस असताना 55 डॉलर, 15 ते 60 दिवस असताना 110 आणि शेवटच्या 14 दिवसांत 165 डॉलर लागतात. शेवटच्या 24 तासांत तर बदलच होत नाही, पूर्ण फी बुडते. हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून पैसे भरायच्या आधी साइटवरचा तक्ता स्वतः वाचा, मित्राने सांगितलेल्यावर जाऊ नका.

समजा, तुमची परीक्षा 28 नोव्हेंबरला आहे. 28 सप्टेंबरपर्यंत तारीख बदलली तर 55 डॉलर. 29 सप्टेंबर उजाडला की 110, आणि हा दर 13 नोव्हेंबरपर्यंत चालतो. 14 तारखेपासून 165, म्हणजे मूळ फीच्या निम्म्याहून जास्त. बहुतेकांना आपली तयारी झाली नाही हे नेमकं याच शेवटच्या पंधरवड्यात कळतं. त्यामुळे बुकिंग झाल्याबरोबर 28 सप्टेंबर आणि 13 नोव्हेंबर या दोन तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि पूर्ण सराव परीक्षा 13 च्या आधीच्या आठवड्यात द्या. गुण पाहून निर्णय त्या आठवड्यातच घ्यायचा.

दुसरी चूक महागात पडते. तारीख जमत नाही म्हटल्यावर मुलं बुकिंग रद्द करतात आणि नंतर नव्याने बुक करतात. रद्द केल्यावर शेवटच्या 14 दिवसांत फक्त 55 डॉलर परत मिळतात, म्हणजे 220 गेले. तीच तारीख बदलली असती तर 165 मध्ये काम झालं असतं. 15 ते 60 दिवसांच्या टप्प्यात फरक आणखी मोठा आहे: रद्द केलं तर 80 परत, म्हणजे 195 गेले; बदललं तर 110. परीक्षा द्यायचीच असेल तर ‘कॅन्सल’ दाबू नका, ‘रीशेड्यूल’ दाबा.

आता सोलापूरकरांची खास अडचण. रेल्वेचं आरक्षणही 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे 28 नोव्हेंबरच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट काढायला बसाल तेव्हा 55 डॉलरचा टप्पा संपलेला असतो. ‘तिकीट मिळालं की तारीख पक्की करू’ हा हिशेब इथे जमत नाही. तारीख आधी ठरवा, तिकीट मागून बघू. आणि स्लॉटची वेळ निवडताना गाडी डोळ्यांसमोर ठेवा. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस साडेदहाच्या सुमाराला पुण्यात पोचते आणि केंद्रावर अर्धा तास आधी हजर राहायचं असतं. त्यात स्टेशनवरून रिक्षा, गर्दी. नऊचा स्लॉट हवाच असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहा, नाहीतर दुपारचा घ्या. रात्रीच्या सिद्धेश्वरने अपरात्री पुण्यात उतरून स्टेशनवर झोप काढणारेही आहेत. अडीच तास डोकं चालवायच्या दिवशी मी तरी कुणाला तसं सुचवणार नाही.

पुण्यातले हवे ते वार भरलेले दिसले तर हैदराबादही बघा, सोलापूरहून तिथेही थेट गाड्या आहेत. स्लॉट सहा महिने आधीपर्यंत बुक करता येतो. अगदी आदल्या दिवशीही जागा दिसू शकते, पण तेव्हा उरलेलीच वेळ घ्यावी लागते.

24 तासांची मर्यादा तुमच्या स्लॉटच्या वेळेपासून मोजली जाते, तारखेपासून नाही. शुक्रवारी सकाळी नऊची परीक्षा असेल तर गुरुवारी नऊ वाजताच दार बंद. ‘गुरुवारी रात्री बघू’ म्हणणारा इथे फसतो.

पैसे भरताना अडकलात तर आधी कार्ड तपासा. 2020 पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. पैसे कापले गेले आणि मेल आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्यात लॉगिन करून बुकिंग दिसतंय का बघा. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरलंय का तेही तेव्हाच पाहा. भारतात परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आधार चालत नाही. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, ही आपल्याकडची नेहमीची गडबड. तारीख बदलून नावातली चूक सुधारत नाही, त्यासाठी ग्राहक सेवेशी वेगळं बोलावं लागतं.

तारीख बदलल्यावर नवी मेल येते. जुनी तेव्हाच डिलीट करा, कारण दोन्हींचा विषय सारखाच दिसतो आणि घाईत लोक जुन्याच मेलमधली वेळ आणि पत्ता वाचतात.