९० टक्के कशाचे? माझं पहिलं फास्ट-ट्रॅक मर्जर

कंपनी सेक्रेटरीच्या प्रशिक्षणात मला मिळालेलं पहिलं मोठं काम होतं विलीनीकरणाचं. पुण्यातली एक प्रायव्हेट कंपनी तिची मुंबईतली संपूर्ण मालकीची उपकंपनी स्वतःत सामावून घेणार होती. असं विलीनीकरण कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३३ खाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे न जाता होतं. मंजुरी देतात प्रादेशिक संचालक, म्हणजे आमच्या भाषेत आरडी. त्यामुळे काम सोपं असेल असं मी धरून चालले होते. पण न्यायाधिकरणाची पायरी वगळताना कायदा भागधारक आणि धनकोंच्या संमतीची अट कडक करतो, आणि माझे पहिले दोन महिने ती संमती मोजण्यातच गेले. या कामात नव्याने पडणाऱ्यांना ही मोजणी नीट समजावी म्हणून हे लिहीत आहे.

आधी भागधारकांचं सांगते. नेहमीच्या मार्गात बैठकीला हजर राहून मत देणाऱ्यांचं संख्येने बहुमत आणि त्यांच्या मूल्याच्या तीन-चतुर्थांश संमती पुरते. कलम २३३ मात्र एकूण शेअरसंख्येच्या किमान ९० टक्के शेअर धारण करणाऱ्यांची मंजुरी मागतं. उपकंपनीच्या बाजूने अडचण नव्हती, कारण सगळे शेअर होल्डिंग कंपनीचेच. अडचण आली होल्डिंग कंपनीच्या स्वतःच्या बैठकीत. तिचे एकूण शेअर २० लाख, आणि त्यातले २ लाख २० हजार परदेशात राहणाऱ्या एका नातेवाइकाच्या नावावर. नोटिशीला त्यांचं उत्तर नव्हतं. हजर असलेले सगळे हो म्हणाले असते तरी १७ लाख ८० हजारच भरले असते, म्हणजे ८९ टक्के. सभागृहात एकही विरोधी मत नसताना ठराव पडला असता. आमच्या मॅडमनी ते बैठकीआधीच हेरलं. बैठकीची तारीख पुढे ढकलली, नातेवाइकांशी फोनवर बोलून प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या वतीने मत देणाऱ्याचं नेमणूकपत्र, मागवली आणि पोल, म्हणजे शेअरसंख्येनुसार मतदान, घ्यायचं ठरवलं, कारण प्रॉक्सीला मत देता येतं ते पोलमध्येच. प्रॉक्सी बैठकीच्या ४८ तास आधी पोहोचायला हवी, आणि ती पोहोचली.

म्हणून योजनेचा मसुदा हातात घेण्याआधी सभासद नोंदवही मागवा आणि एकूण शेअरमधून कुणाची संमती नक्की मिळेल याची बेरीज करा. ती ९० ला पोहोचत नसेल तर ते ग्राहकाला त्याच दिवशी सांगा. सूचिबद्ध होल्डिंग कंपनीच्या बाबतीत, हजारो शांत भागधारकांमुळे, हा आकडा गाठणं फार अवघड जातं.

उपकंपनीची नोंदवही पाहताना आणखी एक गोष्ट दिसली. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन सभासद लागतात, त्यामुळे एक शेअर एका संचालकाच्या नावावर होता. त्या शेअरचा लाभ होल्डिंग कंपनीचाच आहे, याची घोषणा एमजीटी-४, एमजीटी-५ आणि कंपनीने निबंधकाकडे दाखल करायचा एमजीटी-६ या फॉर्ममधून व्हायला हवी होती. एमजीटी-६ कधी दाखलच झाला नव्हता. कागदावर तेवढ्या एका शेअरमुळे उपकंपनी 'संपूर्ण मालकीची' आहे का, असा प्रश्न निबंधक विचारू शकले असते. उशिराची जादा फी भरून तो दाखल केला, आणि मगच पुढे गेलो.

धनकोंची मोजणी याहून जिकिरीची. इथे मूल्याच्या नऊ-दशांशांची संमती हवी. २१ दिवसांच्या नोटिशीने बैठक घ्या किंवा लेखी संमती घ्या. आम्ही लेखी घेतली. होल्डिंग कंपनीचे धनको एकूण ३ कोटी २० लाखांचे, म्हणजे २ कोटी ८८ लाख गाठायचे होते. बँक २ कोटी ४० लाख, एक मोठा पुरवठादार ४० लाख, आणि उरलेले ४० लाख एकतीस छोट्या पुरवठादारांत विखुरलेले. बँकेने पत्र द्यायला सर्वांत जास्त वेळ घेतला, म्हणून तो अर्ज पहिल्या दिवशीच करावा. मोठ्या पुरवठादाराचं पत्रही आलं. मग छोट्यांपैकी ५, ३ आणि २ लाखांच्या तिघांनी होकार दिला, बेरीज २ कोटी ९० लाख झाली आणि मी फाइल पूर्ण झाल्याचं कळवलं.

मॅडमनी एकेक पत्र हातात घेऊन पाहिलं. ३ लाखांच्या पत्रावर सही होती त्या कंपनीच्या हिशेबनिसाची, आणि त्याला सहीचा अधिकार देणारा ठराव जोडलेला नव्हता. ते पत्र बाजूला ठेवल्यावर उरले २ कोटी ८७ लाख, म्हणजे ८९.६९ टक्के. एका लाखाने कमी. मी सही पाहिली होती, सही करणारा कोण ते पाहिलं नव्हतं. ही चूक माझी होती. ४ लाखांच्या आणखी एका पुरवठादाराकडून संचालकाच्या सहीने, ठरावासह पत्र आणलं तेव्हा आकडा २ कोटी ९१ लाखांवर आला. तेव्हापासून मी संमतीच्या तक्त्यात रकमेशेजारी दोन रकाने ठेवते: सही कुणाची, आणि अधिकाराचा कागद कोणता.

क्रमही सांभाळावा लागतो. सीएए-९ या फॉर्ममधली नोटीस दोन्ही कंपन्यांनी आपापले निबंधक, शासकीय अवसायक आणि योजनेचा परिणाम होणाऱ्यांना पाठवायची. आक्षेपांसाठी ३० दिवस. आमच्याकडे पुणे आणि मुंबई असे दोन निबंधक होते. सप्टेंबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर, कंपनी ज्या क्षेत्राच्या नियामकाखाली येते त्यालाही नोटीस लागते. बैठका बोलावण्याआधी दोन्ही कंपन्यांनी सीएए-१० मधलं सक्षमतेचं घोषणापत्र निबंधकाकडे दाखल करायचं. कंपनी आपली देणी फेडू शकते आणि पुढच्या वर्षभरात दिवाळखोर होणार नाही, असं त्यात संचालक शपथेवर सांगतात. सोबत मालमत्ता-देण्यांचं विवरण आणि त्यावरचा लेखापरीक्षकाचा अहवाल जातो. हे बैठकीनंतर दाखल झालं तर पोचपावतीवरच्या तारखेवरून लगेच कळतं.

बैठकांनंतर विलीन करून घेणारी कंपनी सीएए-११ सह योजना आरडी, निबंधक आणि अवसायक यांच्याकडे पाठवते. पुन्हा ३० दिवस आक्षेपांसाठी. आक्षेप नसेल आणि योजना जनहिताची किंवा धनकोंच्या हिताची वाटली तर त्यानंतरच्या १५ दिवसांत आरडी सीएए-१२ मध्ये आदेश देतात; योजना मिळाल्यापासून ६० दिवसांत काहीच न झाल्यास ती मंजूर मानली जाते. ही मुदत जून २०२३ पासून लागू झाली. योजना हितविरोधी वाटली तर आरडींना त्याच ६० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, आणि मग हे प्रकरण नेहमीच्या लांब मार्गावर जाऊ शकतं. आपोआप मंजुरीच्या भरवशावर वेळापत्रक बांधू नका. आमच्या फाइलवर विचारणा आली ती धनकोंच्या यादीचीच, आणि तक्ता तयार होता म्हणून उत्तर दोन दिवसांत गेलं.

हिशेबात नवा शेअर द्यावा लागला नाही, त्यामुळे शेअर-विनिमयाचं गुणोत्तर काढायचा प्रश्नच नव्हता. उपकंपनीचं भांडवल १ कोटी, होल्डिंगच्या पुस्तकात त्याच गुंतवणुकीची किंमत १ कोटी ४० लाख. दोन्ही नोंदी रद्द झाल्या आणि ४० लाखांचा फरक राखीव निधीत समायोजित झाला. उपकंपनीचं २ कोटींचं अधिकृत भांडवल होल्डिंगच्या ५ कोटींत मिळालं, आणि तिने पूर्वी भरलेली फी नव्या फीतून वजा झाली. योजनेतच हे कलम स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून नंतर वेगळा वाद झाला नाही.

आदेश हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत आयएनसी-२८ दाखल करायचा. तो नोंदला गेला की उपकंपनी अवसायनाशिवाय विसर्जित होते. आमचा फॉर्म नोंदला गेल्यावर मंत्रालयाच्या पोर्टलवर उपकंपनीच्या नावापुढची स्थिती बदलली, आणि त्या पानाची प्रत मी संमतीच्या तक्त्यामागे लावून फाइल मॅडमच्या टेबलावर ठेवली.