को लढायच्या आधी मोजा

इंदूरला रामबागेत एका काकांच्या घरी आम्ही रविवारी गो खेळतो, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा घेरायचा पटावरचा खेळ. नवीन येणारे बहुतेक बुद्धिबळातले. को म्हणजे अशी जागा, जिथे दोघांना एकमेकांची एकच सोंगटी आळीपाळीनं मारत राहता येईल. त्याचा नियम त्यांना लगेच कळतो: समोरच्यानं तिथली सोंगटी मारली की आपल्याला लगेच उलटी मारता येत नाही. आधी दुसरीकडे अशी खेळी करायची की त्याला उत्तर द्यावंच लागेल. हीच धमकी; उत्तर आलं की को परत मारायचा. गाडी अडते ती धमकी निवडताना.

एक डाव घ्या, 13 बाय 13 च्या पटावरचा. पांढऱ्यानं नुकताच को मारलाय आणि कोपऱ्यातल्या काळ्याच्या 6 सोंगट्या त्यावर टांगल्यात. को गेला तर पांढऱ्याला 6 कैदी, त्यांच्याखालच्या 6 जागा आणि कडेच्या 2, असे 14 गुण. को जिंकला तर काळा 4 गुण करून जगतो. म्हणजे फरक 18 चा. काळ्याकडून खेळणारा पोरगा धमकी शोधायला लागला की काका विचारतात, "अरे, किती जातंय ते मोजलंस का?"

उजवीकडे पांढऱ्याच्या 4 सोंगट्यांना अतारी, म्हणजे पुढच्याच खेळीत मारायची धमकी, देता येते. नवख्याला ती मोठी वाटते, पण मारल्या तर मिळणार 8 गुण. पांढरा तिकडे बघणारही नाही, को मिटवून मोकळा होईल. खऱ्या धमक्या दोनच: दोन्ही पांढऱ्याच्या मोठ्या गटाच्या डोळ्यात, म्हणजे ज्या घेरलेल्या रिकाम्या जागेवर तो गट जगतो तिच्यात, शिरणाऱ्या. उत्तर नाही दिलं तर 11 सोंगट्या जातात. अशी धमकी फुकटही पडते, कारण आपली एक सोंगटी कैद होते, पण पांढऱ्यालाही स्वतःची एक जागा भरावी लागते. याउलट, जिथे पुढे कापायची संधी आहे तिथेच ढकलून धमकी दिली, तर उत्तरासोबत ती संधीही संपते. मला तरी असली धमकी नको वाटते.

आता पांढऱ्याच्या मोजा. त्याच्याकडेही दोन आहेत. को त्यानं आधी मारल्यामुळे पहिली धमकी काळ्याला द्यायचीय. काळा एक, पांढरा एक, काळा दोन, पांढरा दोन, आणि काळ्याकडे काही उरलं नाही. जिंकायला त्याला तीन हव्या होत्या.

म्हणून हा को इथेच सोडायचा, पण फुकट नाही. को मिटवायला पांढऱ्याची एक खेळी जाते, तेवढ्यात काळ्याला दुसरीकडे लागोपाठ दोन मिळतात. वरच्या बाजूला पांढऱ्याच्या जागेत दोन खेळ्यांत शिरून 15 एक गुणांचा फरक पाडता येतो. मग पहिली खेळी तिथेच करायची. पांढऱ्यानं उत्तर दिलं तर को परत मारायचा, ही आयती तिसरी धमकी झाली. नाही दिलं तर दुसरी खेळी करून घ्यायची. डोळ्यातल्या दोन धमक्या मात्र शिल्लक राहतात. पुढे खाली डावीकडे दुसरा को पेटला, तर त्या तिथे लागतील.