एलएसटीएमच्या विंडोत पुढचा आकडा शिरतो तेव्हा

एलएसटीएम कसं चालतं आणि विंडो कशी पाडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहिते आहे. लिहायचं आहे ते एकाच चुकीबद्दल. तिच्यात माझे दोन महिने गेले, आणि अजूनही नवीन मुलांच्या नोटबुकांत ती जशीच्या तशी दिसते.

माझ्याकडे एका इमारतीच्या विजेच्या वापराची दर तासाची रीडिंग होती. दोन वर्षांची, म्हणजे १७,५२० ओळी. मागच्या १६८ तासांची, म्हणजे एका आठवड्याची विंडो द्यायची आणि पुढच्या एका तासाचा वापर सांगायचा, एवढंच काम. लीकेजबद्दल मी वाचलेलं होतं, त्यामुळे डेटा काळाच्या क्रमानेच तोडला: आधीचे ७० टक्के ट्रेनिंगला, मधले १५ व्हॅलिडेशनला, शेवटचे १५ टेस्टला. स्केलर फक्त ट्रेनिंगवर फिट केला. टेस्टमधली चूक 'मागच्या तासाचा आकडाच पुढे धरा' या साध्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी आली. मग मॉडेल प्रत्यक्ष चालू डेटावर लावलं, आणि तिथे ते त्याच साध्या अंदाजापेक्षा वाईट निघालं.

मी लेयर वाढवले, ड्रॉपआउट बदलला, लर्निंग रेटशी झटापट केली. हे सगळं वाया गेलं. टेस्टवर उत्तम आणि प्रत्यक्षात बेकार असं दिसलं, तर मॉडेलला हात लावू नका, आधी डेटाची वाट तपासा. माझी चूक या एका ओळीत होती:

```python
df["load_s"] = df["load"].rolling(5, center=True).mean()
df = df.dropna()
```

रीडिंग फार खालीवर होतात, आधी गुळगुळीत करून घे, असं मला एका सीनियरने सांगितलं होतं. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पण कारण न विचारता घेतलेला सल्ला मी आता कोडमध्ये जाऊ देत नाही, देणारा कितीही अनुभवी असो.

ही ओळ काय करते ते आकड्यांतच बघा. सकाळी ८ पासूनची रीडिंग अशी धरा: ४०, ४२, ४०, ४२, ४१, आणि मग १ वाजता मोठी यंत्रं सुरू होतात म्हणून ६०, ६२, ६०. दुपारी १२ पर्यंत उडीची काहीही चाहूल नाही. आता मध्यावर धरलेली ५ तासांची सरासरी काढा. १० वाजताची येते ४१. ११ ची येते ४५, कारण तिच्यात १ वाजताचे ६० मिसळले आहेत. १२ ची येते ४९, तिच्यात १ आणि २ दोन्ही वाजताची रीडिंग आहेत. १ ची येते ५३. म्हणजे ४१, ४५, ४९, ५३ अशी सरळ चढती रेघ. विंडो १२ ला संपते आणि मॉडेलला १ चा अंदाज करायचा आहे, पण विंडोच्या शेवटच्या दोन आकड्यांत उत्तर आधीच विरघळलेलं आहे. एलएसटीएमला वापराचं काहीही कळलं नसलं तरी चालतं, त्याला फक्त ही रेघ पुढे ओढायची असते.

डेटा काळाच्या क्रमाने तोडला, तरी हे थांबत नाही. गळती ट्रेनिंग आणि टेस्टच्या मधल्या भिंतीतून होत नव्हती, प्रत्येक विंडोच्या आत होत होती, टेस्टच्या विंडोंतसुद्धा. मला हेच कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

प्रत्यक्षात काय होत होतं? १२ वाजता १ आणि २ ची रीडिंग अस्तित्वातच नसतात, म्हणून ११ आणि १२ ची सरासरी रिकामी येते. `dropna()` त्या दोन ओळी गुपचूप टाकून देत होतं. विंडो १० लाच संपायची आणि मॉडेल ११ चा अंदाज १ चा म्हणून द्यायचं. ट्रेनिंगच्या वेळी मात्र `dropna()` ने सगळ्या मिळून चारच ओळी टाकल्या होत्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. `center=True` काढलं की १२ ची सरासरी ८ ते १२ या तासांची होते, ४१. ती उडीच्या मागे पडते, पण प्रामाणिक असते.

ही चूक डोळ्यांनी शोधू नका. मी आता फीचर तयार करणारं सगळं काम एका फंक्शनमध्ये ठेवते आणि ही तपासणी चालवते:

```python
full = make_features(df)
for t in times:
    cut = make_features(df.loc[:t])
    pd.testing.assert_frame_equal(full.loc[:t], cut)
```

डेटा `t` पाशी तोडला, तर `t` पर्यंतचं एकही फीचर बदलता कामा नये. बदललं, तर त्या फीचरने पुढचं काहीतरी पाहिलं आहे. मधले वीस-तीस वेगवेगळे `t` घ्या, आणि जिथे रीडिंग गहाळ आहेत त्या पोकळ्यांमधले काही हमखास घ्या. कारण `interpolate()` हीच चोरी तिथे करतं. १ वाजता ४०, ५ वाजता ६०, मधली तीन गहाळ. ते ४५, ५०, ५५ भरतं, आणि २ वाजताच्या ४५ ला ५ वाजताचे ६० आधीच माहीत असतात. त्याऐवजी `ffill()` वापरा आणि 'इथे भरलं आहे' हे सांगणारा ०-१ चा एक कॉलम जोडा.

दुसरी तपासणी मला जास्त आवडते. खऱ्या रीडिंगच्या जागी यदृच्छ चाल घाला, म्हणजे `rng.normal(size=17520).cumsum()`, आणि तीच पाइपलाइन पुन्हा चालवा. इथे प्रत्येक पाऊल आधीच्यापासून स्वतंत्र असतं, म्हणून मागचाच आकडा पुढे धरण्यापेक्षा चांगला अंदाज कुणालाच करता येत नाही. तुमचं मॉडेल इथे त्याला ठळक फरकाने हरवत असेल, तर गळती आहे. माझ्या जुन्या पाइपलाइनने हरवलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

लीकेजच्या धास्तीने लोक ज्यांना घाबरतात, त्यातल्या काही गोष्टी निर्धोक आहेत. विंडो नीट पाडल्या असतील, तर `fit` मध्ये ट्रेनिंगच्या विंडोंचा क्रम पिसला तरी बिघडत नाही, कारण नेहमीचं एलएसटीएम एका विंडोची आठवण दुसरीत नेत नाही. बायडायरेक्शनल लेयरही चालतो, विंडो 'आत्ता'पाशी संपत असली म्हणजे झालं. टेस्टच्या पहिल्या विंडोत मागच्या भागाची १६८ रीडिंग आली, तर तो भूतकाळच आहे, ती टाकू नका. उलट बाजू मात्र सांभाळा: पुढच्या २४ तासांचा अंदाज करत असाल, तर ट्रेनिंगच्या शेवटच्या विंडोचे चोवीसही उत्तर-आकडे सीमेच्या अलीकडेच संपले पाहिजेत.

आणि चूक मोजताना कच्च्या रीडिंगशीच मोजा. गुळगुळीत केलेल्या उत्तराशी मोजलेली चूक कमी दिसते, पण मीटरवर तो आकडा कधी येतच नाही.

ती ओळ बदलल्यावर माझी टेस्टची चूक जवळजवळ दुप्पट झाली. मागच्या आठवड्याच्या त्याच तासाचा आकडा धरण्यापेक्षा मॉडेल थोडंसंच सरस उरलं. पण पुढच्या महिन्यात चालू डेटावरची चूक टेस्टच्या चुकीला लागूनच राहिली.