"तू म्हणशील तसं" आधी गोड, मग जड: नव्या नात्यात या चुका टाळा

समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांकडून मी एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते: "हा आधी असा नव्हता." किंवा "ही लग्नाआधी वेगळी होती." बोलणाऱ्याचं दुःख अगदी खरं असतं. पण दोघांना सुरुवातीचे महिने बारकाईने आठवायला लावले, की बहुतेक वेळा कळतं की माणूस तेव्हाही असाच होता. त्याच्या वागण्याचा आपण लावलेला अर्थ तेवढा बदललेला असतो.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघंही तिशीतली. ओळख झाल्यानंतरच्या पाच महिन्यांत कुठे भेटायचं, कोणता सिनेमा बघायचा, सुट्टीत कुठे जायचं, असं काहीही विचारलं की तो हसून म्हणायचा, "तू म्हणशील तसं." तिच्या आधीच्या नात्यात प्रत्येक गोष्ट समोरचाच ठरवायचा, त्यामुळे हे तीन शब्द तिच्या कानाला फार गोड लागले. याला माझ्या मताची किंमत आहे, असं तिने मैत्रिणींनाही सांगितलं. पुढे दोघं एकत्र राहू लागली. विजेचं बिल थकलं, भाडेकराराची मुदत संपत आली, तिच्या आईला दवाखान्यात न्यायचा दिवस ठरवायचा होता. प्रत्येक वेळी उत्तर तेच आणि आवाजही तसाच मऊ: "तू म्हणशील तसं." आता तिला त्यात ऐकू यायचं, "सगळं तूच बघ."

## रिकाम्या जागा आपणच भरणं

नव्या माणसाबद्दल आपल्याला फार थोडं माहीत असतं. पण मन कोरी जागा तशी ठेवत नाही. हाती असलेल्या दोन-चार गोष्टींवरून ते अख्खा माणूस उभा करतं, आणि उरलेल्या जागा आपल्याला आजवर जे मिळालं नाही त्याने भरतं. इथे तिने "आदर" भरला, कारण आधीच्या नात्यात तोच कमी पडला होता. ज्याच्या घरी सतत आरडाओरडा असायचा, तो गप्प माणसात "शांतपणा" भरतो. मेसेजवर हे आणखी सोपं जातं. समोरचा विचार करून, खोडून, पुन्हा लिहून उत्तर पाठवतो, आणि दोन उत्तरांच्या मधल्या वेळात आपण त्याला मनासारखा घडवत बसतो.

माणूस जितका जास्त कळेल तितका तो कमी आवडतो का, यावर मानसशास्त्रात वाद झाला आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, अनोळखी माणसाचे जितके जास्त गुणविशेष सांगितले तितका तो लोकांना कमी आवडला. यादीत आपल्याशी न जुळणारी एक गोष्ट दिसली की पुढच्या गोष्टीही न जुळणाऱ्या वाटू लागतात, असं कारण संशोधकांनी दिलं. 2011 मध्ये दुसऱ्या गटाने प्रत्यक्ष संवादावर प्रयोग केले. तिथे उलट दिसलं: गप्पा वाढल्या तशी आवड वाढली. मला यातून एवढं घ्यावंसं वाटतं की माहितीने प्रेम मरतंच असं नाही. कल्पनेने भरलेली जागा नंतर वास्तवाने भरू लागली, की मात्र घासाघीस होते.

आपलं असं काही झालं आहे का, हे तपासायला मी एक साधी गोष्ट करायला सांगते. जोडीदारासाठी तुम्ही सहज वापरता ते एक विशेषण घ्या: समजूतदार, धीट, प्रेमळ, काहीही. त्याखाली तीन प्रत्यक्ष प्रसंग लिहा. मग प्रत्येक प्रसंगापुढे लिहा, तसं वागण्यासाठी त्याला काही सोडावं लागलं होतं का? वेळ, झोप, पैसे, स्वतःची इच्छा? तिने "समजूतदार" लिहिलं आणि तिला भराभर प्रसंग आठवले. सगळे सिनेमाचे आणि भटकंतीचे. एकाही प्रसंगात त्याला काही द्यावं लागलं नव्हतं. यावरून तो समजूतदार नाही असं ठरत नाही. तिला ते अजून माहीत नव्हतं, इतकंच ठरतं. पण हे पाचव्या महिन्यात कळणं आणि घर मांडल्यावर कळणं यात खूप फरक आहे.

## गुण एका खणात, दोष दुसऱ्या खणात

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण अपेक्षाभंग नेमका इथेच होतो. आपण समजतो की आवडलेले गुण एकीकडे आहेत आणि खटकणाऱ्या सवयी नंतर दुसरीकडून कुठून तरी आल्या. डायान फेल्मली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1995 मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं की जोडीदारातलं सुरुवातीला काय आवडलं आणि आता काय आवडत नाही. सुमारे तीस टक्के वेळा दोन्ही उत्तरं एकाच स्वभावाकडे बोट दाखवत होती. जो मजेशीर म्हणून आवडला तो आता कशातच गंभीर नाही. जी ठाम म्हणून आवडली ती आता हट्टी.

आमच्या जोडप्यात हे दोन्ही बाजूंनी घडलं होतं. त्याला ती आवडली कारण "हिला सगळं पटकन सुचतं, हिच्यासोबत डोक्याला ताप नाही." वर्षभराने तोच म्हणत होता, "घरात सतत सूचना चालू असतात. मी कपाट लावलं तरी ती येऊन पुन्हा लावते." तिचं सुचणं आणि तिच्या सूचना एकाच मुळातून आल्या आहेत, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

म्हणून एखादा गुण फार आवडू लागला की स्वतःला विचारावं: हाच स्वभाव थकलेला असताना कसा दिसेल? पैसे अडकले असताना? घरात आजारपण असताना? सगळ्यांत मिसळणारा माणूस आपल्याला बरं नसतानाही चार लोकांत असेल. मनात येईल ते स्पष्ट बोलणारी व्यक्ती आपल्यालाही तसंच बोलेल. हा प्रश्न विचारल्याने प्रेम आटत नाही. पुढे तो प्रसंग आला की धक्का मात्र कमी बसतो.

## स्वतःच्या सवयी झाकून ठेवणं

आपण जोडीदाराची मूर्ती घडवत असतो तेव्हा तोही आपली घडवत असतो, आणि आपण त्याला साहित्य पुरवत असतो. पाच महिने सगळं ठरवताना तिला अनेकदा कंटाळा आला होता. "आज तू ठरव, मला डोकं चालवायचं नाही," असं ती एकदाही म्हणाली नाही. चांगलं चाललं आहे, कशाला बिघडवा, असं तिला वाटलं. त्यामुळे हिला सगळं ठरवायला आवडतं, असं त्याने अगदी प्रामाणिकपणे धरून चाललं.

पहिल्या काही महिन्यांत तुमच्यात एकदाही "नाही" झालं नसेल, तर तुमचं फार जमतं असा अर्थ घाईने काढू नका. मोठ्या भांडणाची वाट बघू नका आणि मुद्दाम परीक्षाही घेऊ नका. एखाद्या खऱ्या, लहानशा गोष्टीला नकार द्या: आज भेटायला जमणार नाही, ही जागा मला आवडत नाही, मला थोडा वेळ एकटं राहायचं आहे. समोरचा त्यावर काय करतो, रुसतो का, विचारतो का, दुसऱ्या दिवशी टोमणा मारतो का, यातून जितकं कळतं तितकं वीस गोड भेटींतून कळत नाही.

## "मला फसवलं" या निष्कर्षावर उडी

डोरोथी टेनॉव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्ये प्रेमात पडल्यावरच्या झपाटलेपणाला "लिमरन्स" असं नाव दिलं. त्यांच्या अंदाजानुसार ते साधारण दीड ते तीन वर्षं टिकतं. ओसरणं ठरलेलंच आहे. अडचण अशी की बहुतेकांचं घर, हिशेब, पाहुणे, आजारपण याच काळात सुरू होतं. डोळ्यांवरची झिलई उतरते आणि नेमका तेव्हाच ओला टॉवेल गादीवर दिसतो.

अशा वेळी तीन गोष्टी वेगळ्या करा. सवय आधीपासून होती आणि तुम्ही तिचा वेगळा अर्थ लावला होता, तर दुरुस्ती तुमच्या मनातल्या चित्रात करायची आहे, आणि सवयीबद्दल बोलायचंही आहे. सुरुवातीला समोरचा कसोशीने वागत होता आणि आता सैलावला आहे, असंही असू शकतं. मग नेमकी कोणती गोष्ट परत हवी आहे ते नाव घेऊन मागा. पण जोडीदाराची भीती वाटू लागली असेल, तो मारत असेल, तुमच्या पैशांवर किंवा माणसांना भेटण्यावर बंधन घालत असेल, कर्ज किंवा दुसरं नातं लपवलं असेल, तर त्याला अपेक्षाभंग म्हणू नका. तिथे स्वतःचं चित्र दुरुस्त करत बसू नये, मदत घ्यावी.

वादांच्या संख्येने घाबरू नका, असंही मी सांगते. टेड ह्यूस्टन या संशोधकांनी 1981 मध्ये लग्न झालेल्या 168 जोडप्यांचा 13 वर्षं मागोवा घेतला. पहिल्या दोन वर्षांत प्रेम आणि जवळीक झपाट्याने ओसरणं ही पुढच्या घटस्फोटाची मोठी खूण ठरली. सात वर्षांनंतर वेगळी झालेली जोडपी तर नवेपणी विलक्षण प्रेमळ होती. तेव्हा टॉवेलवरून झालेल्या भांडणांपेक्षा, घरी आल्यावर एकमेकांकडे बघून हसणं थांबलं आहे का, याकडे लक्ष द्या.

## आता डोळे उघडले म्हणून कौतुकच बंद

पोळल्यावर काही जण ठरवतात की यापुढे कुणाला डोक्यावर घ्यायचंच नाही. हाही उपाय चुकीचा. मानसशास्त्रज्ञ सँड्रा मरे आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की जोडीदाराला तो स्वतःला बघतो त्याहून थोडं बरं बघणारी जोडपी जास्त समाधानी होती. लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी यांच्या 2005 च्या अभ्यासाने त्यात एक बारकावा जोडला. नवविवाहित जवळपास सगळेच "माझा जोडीदार फार चांगला आहे" असं म्हणत होते. पण तो नेमका कशात चांगला आणि कशात कच्चा, हे ज्या पत्नींना अचूक माहीत होतं, त्यांच्यात घटस्फोटाची शक्यता कमी होती. म्हणजे "तू मला फार आवडतोस" आणि "बिलांच्या बाबतीत तुझ्यावर सोडता येत नाही" ही दोन्ही वाक्यं एका मनात सुखाने राहू शकतात.

त्या दोघांनी पुढे एक छोटी गोष्ट केली. महिनाभर कोणत्याही घरगुती प्रश्नावर आधी त्याने एक पर्याय सांगायचा, आणि तो बोलेपर्यंत तिने थांबायचं. पहिल्या आठवड्यात तिला थांबणं त्याच्या बोलण्यापेक्षा अवघड गेलं. त्याला गप्प बसलेलं बघून ती दोनदा मध्ये बोलली आणि तिसऱ्यांदा उठून आत गेली. भाडेकराराबद्दल बोलायला त्याला तीन दिवस लागले. शेवटी त्याने सांगितलं, "लहानपणी मी काही ठरवलं आणि चुकलं, की घरात महिनाभर ऐकावं लागायचं." चौदा महिन्यांत हे तिने पहिल्यांदा ऐकलं. वीजबिल आता तो भरतो. पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे हे विचारल्यावर तो अजूनही म्हणतो, "तू म्हणशील तसं," आणि पडद्यांपुरतं ते तिला चालतं.