रिकाम्या हॉलच्या फोटोत सोफा कसा बसवावा

जाहिरातीच्या फोटोत नंतर बसवलेला सोफा पुष्कळदा तरंगल्यासारखा दिसतो. फोटोची क्षितिजरेषा न काढताच तो ठेवला की हमखास असं होतं. म्हणून सुरुवात तिथून करा.

१. क्षितिजरेषा काढा. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये नवा लेयर घ्या आणि समोरच्या भिंतीकडे जाणारे फरशीचे दोन-तीन सांधे सरळ रेषांनी लांबवा. त्या जिथे मिळतात तो लोपबिंदू. त्यातून आडवी रेषा मारा. कॅमेरा सरळ धरलेला असेल, तर ही रेषा खोलीत सगळीकडे कॅमेऱ्याच्याच उंचीवर असते. ७ फुटी दाराला ती खालून ४ फुटांवर छेदत असेल, तर कॅमेरा ४ फुटांवर होता.

२. माप ठरवा. आता अंदाजाची गरज नाही. समजा, सोफ्याची पाठ २ फूट ८ इंच, म्हणजे ४ फुटांच्या दोन तृतीयांश उंच आहे. पाठीचा तळ जमिनीवर जिथे येतो, तिथून क्षितिजरेषेपर्यंतचं अंतर मोजा. पाठीची वरची कड त्याच्या दोन तृतीयांशावर आली पाहिजे. सोफा पुढे आणा वा मागे न्या, हे प्रमाण बदलत नाही. लांबी फरशांवरून ताडून पाहा: २ फुटी फरशा असतील, तर ७ फुटी सोफा साडेतीन फरशा व्यापतो.

सोफ्याचा फोटोही साधारण तेवढ्याच उंचीवरून काढलेला हवा. बैठकीचा पृष्ठभाग फार दिसत असेल, तर तो वरून टिपलेला आहे. ताणून-दाबून तो जुळत नाही, दुसरा फोटो शोधा.

३. उजेड जुळवा. खिडकी डावीकडे असेल, तर सोफ्याची डावी बाजू उजळ हवी. उलट असेल तर सोफ्याचं चित्र आडवं उलटवा. मग खोलीतल्या पांढऱ्या भिंतीकडे बघून रंगाची ऊब जुळवा.

४. सावली दोन थरांत टाका. खरी मेहनत इथे आहे. पहिला थर पायांना चिकटून: अरुंद, गडद, जेमतेम धूसर. सोफा जमिनीवर टेकतो तो याच्यामुळे. दुसरा थर सोफ्याखाली आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला: रुंद, फिका, लांब जाईल तसा विरत जाणारा. दोन्ही लेयर `Multiply` मोडवर ठेवा. रंग शुद्ध काळा घेऊ नका, खोलीतल्याच एखाद्या सावलीतून उचला. ढगाळ उजेडातल्या खोलीत धारदार सावली लगेच खोटी वाटते.

फरशी चकचकीत असेल, तर पायांचं उलटं प्रतिबिंबही लागतं. पायाची प्रत उभी उलटवून तळाला जोडा आणि फरशीवर दाराचं प्रतिबिंब जितकं ठळक दिसतं, तितकीच ती दिसू द्या.

शेवटी पूर्ण चित्र आडवं उलटवून पाहा. सरावलेल्या नजरेतून सुटलेला कललेला पाया किंवा उलट्या दिशेची सावली त्यात पटकन सापडते.