गेर्शगोरिनच्या डिस्क काढताना होणाऱ्या चुका, आणि त्या कशा पकडायच्या

आयगेनव्हॅल्यू नेमक्या न काढता त्या साधारण कुठे पडतात हे बघायचं असेल तर गेर्शगोरिनची रीत सगळ्यात स्वस्त पडते. १९३१ सालचा त्याचा जर्मनमधला पेपर आहे आणि रीत एवढीच, की डायगोनलवरचा आकडा घ्या, तो डिस्कचा केंद्रबिंदू, त्याच रोमधले बाकीचे आकडे ॲब्सोल्यूट व्हॅल्यू घेऊन बेरीज करा, ती त्रिज्या. सगळ्या रोंच्या डिस्क काढल्या की प्रत्येक आयगेनव्हॅल्यू यांपैकी निदान एका डिस्कमध्ये असतेच. करायला दोन मिनिटं लागतात, पण त्यातून निष्कर्ष काढताना मात्र पोरं हमखास घसरतात, आणि त्याच त्याच जागी घसरतात. आपण एकच मॅट्रिक्स घेऊन बघू.

```
A =  10  -1   1
      1   4   2
      1  -1   1
```

पहिल्या रोची डिस्क केंद्र १०, त्रिज्या १+१ म्हणजे २. दुसरीची केंद्र ४, त्रिज्या ३. तिसरीची केंद्र १, त्रिज्या २. म्हणजे रिअल रेषेवर बघितलं तर पहिली ८ ते १२, दुसरी १ ते ७, तिसरी उणे १ ते ३.

ॲब्सोल्यूट व्हॅल्यू विसरणे

पहिल्या रोत −१ आणि १ आहे, चिन्हासकट बेरीज केली तर शून्य येतं. म्हणजे त्रिज्या शून्य, म्हणजे १० हीच आयगेनव्हॅल्यू! तिसऱ्या रोतही १ आणि −१, तिथेही शून्य, म्हणून १ हीसुद्धा आयगेनव्हॅल्यू. वहीत हे इतकं छान दिसतं की कोणाला शंकाच येत नाही, उलट गणित लवकर सुटलं म्हणून आनंद होतो. आता कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनोमियल बघा:

```
λ³ - 15λ² + 56λ - 54
```

इथे λ ला १० घातलं तर ६ येतं, १ घातलं तर −१२ येतं. दोन्ही आयगेनव्हॅल्यू नाहीत. त्रिज्या चुकून मोठी आली तर उत्तर ढिलं पडतं पण खोटं होत नाही, लहान आली तर मात्र उत्तर सरळ खोटं होतं, हा फरक लक्षात ठेवा. रोमध्ये डायगोनलबाहेर शून्य नसलेला एक जरी आकडा असेल आणि तुमची त्रिज्या शून्य आली, तर पेन खाली ठेवून बेरीज परत करा.

एका डिस्कमध्ये एक आयगेनव्हॅल्यू, असं धरून चालणे

ही सगळ्यात मोठी चूक आणि हिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण रीत मुळात का चालते हेच डोक्यात बसलेलं नसतं तेव्हा ती होते. सिद्धता दोन ओळींची आहे. λ साठी आयगेनव्हेक्टर x घ्या आणि त्यात ज्या घटकाची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू सगळ्यात मोठी आहे तो घटक पकडा, समजा तो i नंबरचा. मग A x = λ x यातली फक्त i वी ओळ लिहा, डायगोनलचं पद पलीकडे न्या आणि x_i ने भागा. डावीकडे λ − a_ii राहतं, उजवीकडे त्या रोचे बाकीचे आकडे x_j/x_i ने गुणलेले, आणि या प्रत्येक भागाकाराची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू १ पेक्षा मोठी असूच शकत नाही कारण x_i सगळ्यात मोठा आहे. झालं, अंतर त्रिज्येपेक्षा जास्त नाही.

आता यात रो कोणी निवडली? आयगेनव्हेक्टरने निवडली, त्याचा सगळ्यात मोठा घटक जिथे आहे ती. दोन वेगळ्या आयगेनव्हेक्टरचे मोठे घटक एकाच जागी असले तर दोघंही एकाच डिस्कमध्ये येऊन बसतील आणि दुसरी डिस्क रिकामी राहू शकते. हे नुसतं बोलायला नाही, खरंच होतं:

```
M =  1  -2
     1  -1
```

डिस्क दोन, केंद्र १ त्रिज्या २, आणि केंद्र −१ त्रिज्या १. ट्रेस शून्य, डिटर्मिनंट १, म्हणून आयगेनव्हॅल्यू i आणि −i. −१ पासून i चं अंतर √२, म्हणजे साधारण १.४१, आणि त्रिज्या फक्त १, तेव्हा दुसऱ्या डिस्कमध्ये कोणीच नाही. दोघंही पहिल्या डिस्कमध्ये. आयगेनव्हेक्टर (२, १−i) आणि (२, १+i) असे येतात, दोन्हींत पहिला घटक मोठा, २ विरुद्ध १.४१, म्हणून दोघांनीही पहिलीच रो निवडली.

याच मॅट्रिक्समध्ये आणखी एक गोष्ट दिसते. बरेच जण डिस्क न काढता रेषेवर इंटरव्हल काढतात आणि उत्तर रिअल असणार असं गृहीत धरतात. रिअल सिमेट्रिक मॅट्रिक्स असेल तर चालतं, तिच्या आयगेनव्हॅल्यू रिअलच असतात. इथे आकडे सगळे रिअल आहेत पण आयगेनव्हॅल्यू रेषेवर नाहीतच, वर आणि खाली आहेत.

मग मोजणी कधी करता येते? डिस्कचा एखादा घोळका बाकीच्यांपासून पूर्ण सुटा असेल तेव्हा. घोळक्यात जितक्या डिस्क तितक्या आयगेनव्हॅल्यू, मल्टिप्लिसिटी धरून. कारण डायगोनलबाहेरचे आकडे शून्यापासून हळूहळू वाढवत नेले तर आयगेनव्हॅल्यू केंद्रांपासून निघून सलग सरकतात, मधली मोकळी जागा उडी मारून ओलांडू शकत नाहीत. आपल्या A मध्ये ८ ते १२ वाली डिस्क सुटी आहे, बाकीच्या दोन ७ च्या आतच संपतात, तेव्हा तिच्यात बरोबर एक आयगेनव्हॅल्यू. आणि मॅट्रिक्स रिअल असल्याने ती रिअलच आहे, नाहीतर तिची कॉन्जुगेट जोडीदारही त्याच डिस्कमध्ये आली असती आणि दोन झाल्या असत्या. उरलेल्या दोघी बाकीच्या दोन डिस्कच्या घोळक्यात आहेत एवढंच म्हणता येतं, कोण कोणत्या डिस्कमध्ये ते नाही.

रो आणि कॉलमची खिचडी

A च्या ट्रान्सपोजच्या आयगेनव्हॅल्यू त्याच असतात, म्हणून कॉलमच्या बेरजांनीही डिस्क काढता येतात. सगळ्या रो-डिस्कचा युनियन आणि सगळ्या कॉलम-डिस्कचा युनियन, या दोघांचा सामायिक भाग घेतला तर बरोबर. चूक अशी होते की प्रत्येक केंद्रासाठी दोन त्रिज्यांतली लहान निवडून डिस्क काढतात. वरची M घ्या, रोच्या त्रिज्या २ आणि १, कॉलमच्या १ आणि २, लहान लहान निवडल्या तर दोन्ही १. आता १ पासूनही i चं अंतर √२ आणि −१ पासूनही √२, म्हणजे i कुठल्याच डिस्कमध्ये नाही. रो निवडणारा आयगेनव्हेक्टर A चा, कॉलम निवडणारा ट्रान्सपोजचा, दोघांचे मोठे घटक एकाच जागी असतील असं कोणी सांगितलं?

शून्य डिस्कमध्ये आलं म्हणून मॅट्रिक्स सिंग्युलर म्हणणे

A ची तिसरी डिस्क उणे १ ते ३, शून्य आत आहे. एवढ्यावरून इन्व्हर्स नाही असं लिहिलेलं मी कितीतरी वेळा बघितलंय. A चा डिटर्मिनंट ५४ आहे! शून्य सगळ्या डिस्कच्या बाहेर असेल तर मॅट्रिक्स नॉन-सिंग्युलर, हे पक्कं. शून्य आत असेल तर काहीच कळलं नाही, दोन्ही शक्यता उघड्या.

पण इथे थांबायचं कारण नाही, स्केलिंग करून बघायचं. पॉझिटिव्ह आकडे d_1, d_2, d_3 घ्या आणि i-j जागेवरचा आकडा d_j ने गुणून d_i ने भागा. आयगेनव्हॅल्यू बदलत नाहीत, त्रिज्या बदलतात. आपल्याला तिसरी त्रिज्या १ च्या खाली हवी म्हणून d_3 मोठा पाहिजे, पण तो वाढवला की वरच्या दोन रोंच्या त्रिज्या फुगतात. पहिल्या रोला १० पर्यंत जागा आहे, ती सहन करेल, दुसरीला फक्त ४ आहे. म्हणून d = (१, २.५, ४) घेऊन बघू.

पहिली त्रिज्या २.५+४ म्हणजे ६.५, डिस्क ३.५ ते १६.५. दुसरी (१ + २×४) भागिले २.५ म्हणजे ३.६, डिस्क ०.४ ते ७.६. तिसरी (१+२.५) भागिले ४ म्हणजे ०.८७५, डिस्क ०.१२५ ते १.८७५. तिन्ही शून्याच्या उजवीकडे! डिटर्मिनंट न काढता इन्व्हर्स आहे हे सिद्ध झालं, आणि सगळ्या आयगेनव्हॅल्यूंचा रिअल भाग पॉझिटिव्ह आहे हेही मिळालं.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, नुसत्या रो भागायच्या आणि कॉलम गुणायचे राहून जातात. ओळखायचं सोपं आहे, डायगोनल १०, ४, १ असाच राहायला हवा, तिसऱ्या जागी ०.२५ दिसलं की अर्धंच काम झालंय. दुसरं, एकच डिस्क लहान करायच्या नादात बाकीच्या किती फुगल्या ते बघत नाहीत. पहिली आयगेनव्हॅल्यू जवळून पकडायला d = (३, १, १) घ्या, पहिली त्रिज्या ०.६७ होते, दुसरी ५, तिसरी ४. पहिली डिस्क ९.३३ पासून सुरू आणि दुसरी ९ ला संपते, अजून सुटी आहे, म्हणून एक आयगेनव्हॅल्यू ९.३३ ते १०.६७ मध्ये पक्की. आता हाव धरून ३ च्या जागी ४ घेतलं तर पहिली ९.५ पासून आणि दुसरी १० पर्यंत, म्हणजे डिस्क एकमेकांत घुसल्या, त्रिज्या ०.५ झाली खरी पण त्या छोट्या डिस्कमध्ये एक आयगेनव्हॅल्यू आहेच असं या डिस्कवरून म्हणायचा हक्क गेला.

कोडमध्ये

```python
import numpy as np
A = np.array([[10,-1,1],[1,4,2],[1,-1,1]])
d = np.array([1, 2.5, 4])
B = A * d / d[:, None]
c = np.diag(B)
r = np.abs(B).sum(axis=1) - np.abs(c)
```

शेवटच्या ओळीत बरेच जण `np.abs(c)` ऐवजी नुसतं `c` वजा करतात. या A वर काही फरक दिसत नाही कारण डायगोनल पॉझिटिव्ह आहे, पण डायगोनलवर −५ असला की त्रिज्या १० ने जास्त येते आणि डिस्क एवढ्या मोठ्या का येतायत ते कळत नाही. आणि `axis=0` लिहिलं तर कॉलमच्या त्रिज्या येतात, एरर काहीच येत नाही. वरचा कोड चालवल्यावर `r` मध्ये ६.५, ३.६ आणि ०.८७५ हेच आकडे आले पाहिजेत, आणि `np.linalg.eigvals(A)` ने साधारण ९.८९, ३.५९ आणि १.५२.